४ डाउन, १० यार्ड: एका क्रिकेट स्कोअररला अमेरिकन फुटबॉल समजावताना

पार्श्वभूमी

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राचे वडील सप्टेंबरात मुलाकडे आले. पुण्यात त्यांनी कितीतरी वर्षं क्लबच्या सामन्यांना स्कोअरिंग केलं आहे. सामना बघायचा म्हणजे हातात पेन्सिल हवीच, अशी त्यांची सवय. रविवारी दुपारी एक वाजता नातू फुटबॉल लावून बसायचा आणि काकाही त्याच्या शेजारी बसायचे, पण थोड्या वेळाने उठून आत जायचे. सामन्यात काय चाललंय हे कळत नाही, यापेक्षा ते लिहून ठेवता येत नाही याचा त्यांना जास्त त्रास होत होता. मित्राची बायको मला म्हणाली, "तुम्ही एकदा बाबांबरोबर बसाल का? नातवाचं इंग्रजी आणि त्यांचे प्रश्न, दोन्ही एकमेकांना पुरत नाहीत."

मी हा खेळ बरीच वर्षं बघतो आणि क्रिकेट त्याच्याही आधीपासून. क्रिकेट मुरलेल्या माणसाला डाउन आणि यार्ड समजावताना नेमकी गाठ कुठे बसते आणि ती कशी सुटते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. माणसांची ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत. सामना मात्र खरा आहे.

अडचण

नातवाने आजोबांना नियम सांगितला होता: चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, आणि त्यांत दहा यार्ड पुढे जायचं. नियम बरोबर आहे. पण क्रिकेटवाल्याच्या डोक्यात तो शिरला की त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात, आणि काकांच्या प्रश्नांवरून तिन्ही झालेले दिसत होते.

पहिला प्रश्न असा: "एवढे साठ यार्ड पळाले, तरी फलकावर शून्यच कसं?" म्हणजे यार्ड म्हणजे धावा, असं त्यांनी धरलं होतं. दुसरा: "हा सहावा झाला, अजून यांचीच बॅटिंग?" म्हणजे चार डाउनचं षटक संपलं की बाजू बदलते, असा समज होता. तिसऱ्या प्रश्नात खरी तक्रार होती: "चौथी संधी हातात असताना चेंडू लाथेने समोरच्याला देऊन का टाकतात? हा काय खेळ झाला?"

पडद्याच्या खालच्या पट्टीत 2nd & 8 किंवा 3rd & 7 असं सतत येत असतं. सामन्याची अर्धी गोष्ट त्या पट्टीत असते. काकांची नजर तिथे जातच नव्हती. चेंडू कुणाच्या हातात आहे ते शोधण्यातच ती अडकून पडायची.

समोर असलेले पर्याय

एक पर्याय होता क्रिकेट पूर्ण बाजूला ठेवायचा आणि नव्याने सुरुवात करायची. शाळकरी मुलांना असंच शिकवतात. पण साठ-सत्तर वर्षांची क्रिकेटची समज बाजूला ठेवायला सांगणं मला पटलं नाही. शिवाय ती बाजूला राहतही नाही. माणूस मनातल्या मनात तुलना करतच असतो.

दुसरा, डाउन म्हणजे विकेट, हा इंटरनेटवर फार प्रचलित आहे. तो ऐकायला बरा वाटतो, पण पुढे दगा देतो. गेलेली विकेट परत येत नाही आणि डाउन तर दर थोड्या वेळाने चारच्या चार परत मिळतात. तिसरा, डाउन म्हणजे षटक, हा समज तर आधीच घोटाळा करून बसला होता.

चौथा पर्याय होता पाठलागाच्या समीकरणाचा. शेवटच्या षटकांत समालोचक "चार चेंडूंत दहा" म्हणतो तसं. 1st & 10 म्हणजे चार चेंडूंत दहा, 2nd & 6 म्हणजे तीन चेंडूंत सहा, 3rd & 7 म्हणजे दोन चेंडूंत सात. पट्टीतला पहिला आकडा कितवा चेंडू आहे ते सांगतो आणि दुसरा किती हवेत ते. स्कोअररच्या मनात हे गणित आपोआप चालू असतं, म्हणून मी हा पर्याय घेतला. फक्त तो कुठे तुटतो हेही त्याच बैठकीत सांगायचं ठरवलं. तुलनेची हद्द सांगितली नाही, तर पुढच्याच रविवारी ती तुलना माणसाला फसवते.

काय केलं

थेट सामना लावला नाही. थेट सामन्यात समजावायला वेळ मिळत नाही आणि कुठला खेळ वाट्याला येईल ते आपल्या हातात नसतं. मी १५ नोव्हेंबर २००९ चा इंडियानापोलिसचा सामना निवडला: न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स. त्याच्या शेवटच्या अडीच मिनिटांत चारही डाउन एकामागून एक येतात आणि चौथ्यावरचा निर्णय अजूनही चर्चेत असतो. काकांनी वहीत रकाने आखले: कितवा डाउन, किती हवेत, चेंडू कुठे, किती मिळाले.

सुरुवात मैदानापासून केली. यार्ड क्रिकेटवाल्याला परका नाही. खेळपट्टी २२ यार्डांची असते आणि मर्यादित षटकांतलं वर्तुळ ३० यार्डांचं. म्हणजे दहा यार्ड म्हणजे अर्ध्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमी. फुटबॉलचं मैदान १०० यार्डांचं, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. इथे घोळ होतो तो आकड्यांच्या लिहिण्यामुळे. आकडे एका टोकापासून मध्यापर्यंत ५० पर्यंत चढतात आणि मग पुन्हा उतरतात. त्यामुळे "२८ वर" म्हटलं की कुणाच्या बाजूच्या २८ वर हे विचारावंच लागतं. स्वतःच्या २८ वर असाल तर अजून ७२ यार्ड जायचंय. समोरच्याच्या २८ वर असाल तर फक्त २८.

मग पहिली गाठ सोडवली. यार्ड म्हणजे धावा नव्हेत. यार्डांना स्वतःचा गुण नाही. चेंडू पलीकडच्या एंड झोनमध्ये नेला तर टचडाउनचे सहा गुण आणि नंतरच्या किकचा एक. तिथवर पोचलं नाही पण जवळ गेलं, तर किक मारून फील्ड गोलचे तीन. बाकी सगळी धावपळ तिथे जाण्यासाठी आणि मध्येच चेंडू हातचा जाऊ नये यासाठी.

"पण दहाच यार्ड का? आणि ही सक्ती कशाला?" काकांनी विचारलं. प्रश्न फार योग्य होता, कारण खेळाचं सगळं वळण या सक्तीतूनच आलं आहे. १८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येल या विद्यापीठांच्या सामन्यात एकाने पहिला अर्धा भाग चेंडू धरून ठेवला आणि दुसऱ्याने दुसरा. कुणीच पुढे जायचा प्रयत्न केला नाही आणि सामना शून्य-शून्य संपला. मग या खेळाचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८२ मध्ये नियम आला की तीन डाउनमध्ये पाच यार्ड गेलंच पाहिजे, नाहीतर चेंडू सोडायचा. १९०६ मध्ये पाचाचे दहा झाले आणि १९१२ मध्ये चौथा डाउन मिळाला.

काकांना लगेच बापू नाडकर्णी आठवले. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली. फलंदाज नुसते उभे राहिले आणि तरी त्यांची बॅटिंग कुणी काढून घेतली नाही. "इथे चार चेंडूंत घेतली असती," काका म्हणाले. क्रिकेटमध्ये थांबून राहण्याची मुभा आहे, इथे नाही, हे त्यांनी स्वतःच्या भाषेत मांडलं.

एक मालिका, चेंडूगणिक

आता सामना. जेमतेम अडीच मिनिटं उरली होती आणि पेट्रियट्स ३४–२८ असे पुढे होते. कोल्ट्सना जिंकायला एक टचडाउन आणि त्यावरचा एक गुण पुरे होता. चेंडू पेट्रियट्सकडे, त्यांच्याच २० यार्डांच्या रेषेवर. त्यांना आणखी गुण नको होते. त्यांना चेंडू धरून वेळ संपवायची होती. काकांच्या वहीत ही मालिका अशी उतरली:

1st & 10, स्वतःची २०, मिळाले ०
2nd & 10, स्वतःची २०, मिळाले ८
3rd & 2, स्वतःची २८, मिळाले ०
4th & 2, स्वतःची २८, मिळाला एकाहून थोडा अधिक, अपुरा

पहिल्या डाउनला खेळाडू चेंडू घेऊन मधून घुसला आणि जागच्या जागी अडवला गेला. दुसऱ्याला टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने, छोटा पास टाकला, आठ यार्ड मिळाले. तिसऱ्याला पास जमिनीवर पडला. पडलेल्या पाससाठी डाउन खर्च होतो आणि चेंडू होता तिथेच परत येतो. काकांनी त्या रकान्यात सवयीने टिंब काढलं. ते अगदी बरोबर होतं, निर्धाव चेंडूसारखंच.

इथे मी सामना थांबवला आणि समीकरण कुठे तुटतं ते सांगितलं. पहिली गोष्ट, इथे उणे होतं. क्वार्टरबॅकला सात यार्ड मागे पाडलं तर 1st & 10 नंतर 2nd & 17 येतं. केलेल्या धावा कुणी परत घेत नाही, पण यार्ड जातात. दुसरी, दहा यार्ड झाले की समीकरण पुसलं जातं आणि पुन्हा चारात दहा सुरू होतं. याचसाठी सहाव्या डाउननंतरही बॅटिंग चालू राहते. तिसरी, जादाचे यार्ड पुढच्या समीकरणात जमा धरले जात नाहीत. एका झटक्यात चाळीस यार्ड मिळवले तरी पुढचा आकडा दहाच. ते चाळीस वाया गेले नाहीत, कारण चेंडू तेवढा पुढे सरकला. आणि एंड झोन दहा यार्डांच्या आत आला की दहाची रेषाच उरत नाही. तेव्हा पट्टीत 1st & Goal येतं.

बचाव करणाऱ्या संघाने आधी रेषा ओलांडली तर पाच यार्ड मिळतात आणि तोच डाउन पुन्हा खेळला जातो. हे काकांना नो-बॉलमुळे क्षणात समजलं. बाकीचे दंड त्या दिवशी मी मुद्दाम सोडून दिले.

चौथ्या डाउनचा निर्णय

आता काकांचा तिसरा प्रश्न आला. साधारणपणे चौथ्या डाउनला संघ पंट करतो, म्हणजे चेंडू दूर लाथाडतो. कारण चौथा हुकला की समोरच्याला चेंडू त्याच जागी मिळतो. पंट केला तर तो साधारण चाळीस यार्ड मागे मिळतो. काका थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे डाव घोषित करण्यासारखं. आपली बॅटिंग आपण सोडायची, पण समोरच्याला अवघड ठिकाणी उतरवायचं." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. फरक एवढाच की डाव घोषित करणारा बहुधा वरचढ असतो आणि पंट करणारा बहुधा अडचणीत असतो.

त्या सामन्यात पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचेक यांनी पंट केला नाही. २:०८ उरलेले असताना, स्वतःच्या २८ वरून, दोन यार्डांसाठी चौथा डाउन खेळायचं ठरवलं. बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्या काळी विश्लेषकांनी मांडलेले अंदाज घेऊन आम्ही वहीत हिशेब केला. अशी वेळ १०० वेळा आली असं समजू. दोन यार्ड साधारण ६० वेळा मिळतात आणि मिळाले की सामना जवळपास खिशात. उरलेल्या ४० वेळा कोल्ट्सना चेंडू २९ यार्डांवर मिळतो, तरीही त्यांना जवळजवळ निम्म्या वेळा, म्हणजे १९ वेळा, अडवता येतं. एकूण ७९. पंट केला तर कोल्ट्सना सुमारे ७० यार्ड जावं लागतं आणि १०० पैकी ७० वेळा पेट्रियट्स टिकतात. समोर पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्यक्षात सत्तराहून कमीच. माझ्या मते निर्णय योग्य होता आणि निकालाने तो चूक ठरत नाही.

निकाल असा लागला. ब्रेडीचा पास केव्हिन फॉकने ३० च्या रेषेजवळ घेतला, पण चेंडू त्याच्या हातात क्षणभर हलला आणि तेवढ्यात मेल्विन बुलिटने त्याला मागे ढकललं. चेंडू हातात पक्का बसला त्या क्षणी तो जिथे होता तीच जागा धरतात. पंचांनी ती ३० च्या अलीकडे धरली. काका खुर्चीतून पुढे सरकले. "रिव्ह्यू घ्या की!" पण रिव्ह्यू मागायला हातात टाइम-आउट, म्हणजे खेळ थांबवण्याची मुभा, शिल्लक लागतो आणि पेट्रियट्सचे सगळे संपले होते. रिव्ह्यू वाया घालवून बसलेल्या कर्णधाराची तडफड क्रिकेटवाल्याला समजावून सांगावी लागत नाही.

चेंडू कोल्ट्सकडे गेला. त्यांनी घाई केली नाही. मुद्दाम वेळ खात, पेट्रियट्सना उत्तर द्यायला सेकंद उरू नयेत याची काळजी घेत ते एका यार्डावर पोचले. १३ सेकंद उरले असताना मॅनिंगने रेजी वेनला टचडाउनचा पास दिला. ३५–३४.

काकांनी यावर बराच वेळ पडद्यावरची पिवळी रेषा बघितली. ही रेषा मैदानावर नसते. १९९८ पासून ती प्रक्षेपणात काढली जाते आणि कुठवर गेलं पाहिजे तेवढंच दाखवते. मैदानावर दहा यार्डांची साखळी घेऊन माणसं उभी असतात. २०२५ च्या मोसमापासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये अंतर मोजायला क्रिकेटला ठाऊक असलेली हॉक-आय पद्धत आली आणि साखळी पर्याय म्हणून राहिली. पण चेंडू कुठे थांबला हे अजूनही पंचच ठरवतो. हॉक-आय त्या ठेवलेल्या जागेपासून रेषेपर्यंतचं अंतर मोजते. फॉकच्या बाबतीत वाद अंतराचा नव्हता, जागेचा होता. त्यामुळे नवी पद्धत असती तरी तो वाद मिटला नसता.

परिणाम

पुढच्या रविवारी काका नातवाशेजारी वही घेऊन बसले. समजलं की नाही हे ओळखायला मी एकच कसोटी ठेवली होती: चेंडू खेळात यायच्या आधी पळणार की पास टाकणार ते त्यांनी सांगायचं. 2nd & 2 ला ते "पळतील" म्हणाले, 3rd & 9 ला "पास". प्रत्येक वेळी बरोबर आलं असं नाही आणि येणारही नाही, कारण समोरच्याला चकवणं हाच तर खेळ आहे. पण अंदाज पट्टी वाचून येत होता. तिसऱ्या डाउनला प्रेक्षक उभे राहून आरडाओरडा का करतात, हेही त्यांनी नातवाला विचारलं नाही. त्यांनीच त्याला सांगितलं की चौथा बहुतेक वेळा लाथेने जातो, म्हणून तिसरा हाच खरा शेवटचा चेंडू.

एक गोष्ट मात्र राहिली. घड्याळ कधी थांबतं आणि कधी चालू राहतं, हे त्यांच्या वहीत बसेना. षटकं मोजणाऱ्याला सेकंद मोजायची सवय नसते. पळून मैदानातच पडलं तर घड्याळ चालू राहतं, पास जमिनीवर पडला तर थांबतं, एवढं ते शिकले. सामन्याच्या शेवटी संघ असं का वागतो हे त्यांना अजून प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

काय वेगळं करता येईल

दुसऱ्या कुणाला शिकवायचं असेल, तर मी पंट अगदी सुरुवातीला घेईन. क्रिकेटवाल्याचा विश्वास तिथेच उडतो. चेंडू देऊन टाकण्यामागचा हिशेब कळेपर्यंत बाकीचं सगळं त्याला विचित्रच वाटत राहतं. एखादा संघ स्वतःच्या १५ वर 4th & 8 ला अडकलेला दाखवावा आणि विचारावं, समोरच्याला चेंडू कुठे मिळावा असं वाटतं? डाउनची किंमत या एका प्रश्नातून येते.

सामन्याची निवडही थोडी बदलेन. २००९ चा शेवट नाट्यमय आहे, पण पेट्रियट्स तिथे गुणांसाठी खेळत नव्हते, वेळेसाठी खेळत होते. नवख्या माणसाला आधी सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशातला, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत शांतपणे गेलेला एखादा ड्राइव्ह दाखवावा. त्यात समीकरण तीन-चार वेळा पुसलं जाऊन नव्याने लिहिलं जातं. ते डोळ्यांना सवयीचं झालं की मग चौथ्या डाउनचा जुगार दाखवावा.

आणि वहीत पाचवा रकाना आखावा, घड्याळाचा. प्रत्येक डाउननंतर उरलेली वेळ लिहायची, एवढंच. काकांनी तो आता स्वतःच आखून घेतला आहे.